नॉमिनेशनचे फॉर्म दर वेळी अर्धवट सह्यांनी परत येतात, त्यावर उपाय

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. ३६ फ्लॅट, एक लिफ्ट, तीही मनात येईल तेव्हा चालणारी. मी सेक्रेटरी झाले तेव्हा ऑडिटरनी पहिल्याच भेटीत नॉमिनेशन रजिस्टर मागितलं. रजिस्टर होतं, कव्हरही छान होतं, आत नोंदी सात. बाकी २९ घरांचं कुणालाच काही माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच नव्याने फॉर्म द्यायचे ठरवले आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मी हा निरोप टाकला:

"सर्व सभासदांना विनंती की, वॉचमनकडे ठेवलेले नॉमिनेशन फॉर्म सह्या करून लवकरात लवकर ऑफिसमध्ये जमा करावेत."

दोन महिन्यांत ३६ पैकी ३१ फॉर्म आले. जसेच्या तसे रजिस्टरला चढवता येतील असे त्यात ९ निघाले. उरलेल्या २२ जणांच्या दारात मी किंवा आमचे खजिनदार काका पुन्हा गेलो, काहींकडे तीन-तीनदा. बहुतेक सोसायट्यांत हेच होतं. सेक्रेटरी म्हणतात, लोक वाचत नाहीत. मीही तेच म्हणायचे. मग एका रविवारी ते २२ फॉर्म टेबलावर पसरून बसले आणि दिसलं की चुका २२ प्रकारच्या नाहीत, चारच प्रकारच्या आहेत. त्या चारही माझ्या निरोपात आधीच होत्या.

आधी फॉर्म नीट बघा

आदर्श उपविधींमधला परिशिष्ट १४ हा नॉमिनेशनचा नमुना. तो तीन प्रतींत द्यायचा असतो. वरच्या भागात सभासदाचं नाव, फ्लॅट, भागपत्राचा तपशील. मग नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं, हिस्सा किती टक्के. नॉमिनी अज्ञान असेल तर जन्मतारीख आणि पालकाचं नाव. त्याखाली स्थळ, तारीख आणि सभासदाची सही. मग दोन साक्षीदार, त्यांची नावं, पत्ते, सह्या.

फॉर्म तिथे संपत नाही. खाली सोसायटीने भरायचा भाग आहे: अमुक तारखेच्या कमिटी मीटिंगमध्ये ठेवला, रजिस्टरमध्ये अमुक क्रमांकाने नोंद केली, सेक्रेटरीची सही. आणि अगदी तळाला आणखी एक ओळ असते, नॉमिनेशनची प्रत मिळाली, तारीख, सभासदाची सही.

म्हणजे सभासदाच्या सहीच्या दोन जागा एकाच कागदावर आहेत. दोन्हींच्या मध्ये साधारण तीन आठवड्यांचं अंतर असायला हवं. हे सांगितलं नाही तर कुणाला कसं कळणार?

बिघाड पहिला: पोचपावतीवर आधीच सही

२२ पैकी ११ फॉर्म असे होते. पाचव्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, दोन ठिकाणी 'सभासद' लिहिलंय, दोन्हीकडे केली सही. एक राहिली तर पुन्हा तूच खाली बोलावशील."

त्यांचं बरोबर होतं. 'सह्या करून द्या' म्हटल्यावर माणूस सहीची प्रत्येक रिकामी रेघ भरतो, आणि त्या भीतीनेच भरतो की एखादी राहून जाईल. पण इथे अर्थ उलटा होतो. प्रत हातात पडायच्या आधीच प्रत मिळाल्याचं लिहून दिलं जातं. सेक्रेटरीला ते सोयीचं वाटतं, पुढे जिने चढायला नकोत. पण काही वर्षांनी घरचे लोक म्हणाले की आम्हाला प्रत कधी मिळालीच नाही, तर सोसायटीच्या फाइलमधला कागद त्यांना खोटं ठरवेल, आणि खरे तेच असतील. त्यामुळे असा फॉर्म आला की मी तो चालवून घेत नाही. खालच्या सहीला तारीख नसेल तर प्रत देताना त्याच दिवसाची तारीख घालून शेजारी पुन्हा सही घेते. तारीखही आधीच घातलेली असेल तर नवा संच.

कायमचा उपाय मात्र साधा निघाला. कुठे सही करायची हे सांगताना कुठे करायची नाही हेही सांगायचं. मी आता तिन्ही प्रतींवर सभासदाच्या सहीपाशी पेन्सिलने फुली करते आणि तळाच्या ओळीवर पिवळी चिकट पट्टी लावते: "ही आत्ता नको. प्रत घ्यायला याल तेव्हा." पट्टीने रेघ झाकली जाते, म्हणून चुकून सही होत नाही. यानंतर असा एकच फॉर्म आला. त्यात पट्टी काढून सही केली होती आणि पुन्हा पट्टी लावली होती. त्या काकांचा मला आजही आदर वाटतो.

बिघाड दुसरा: एक सही, दोन झेरॉक्स

'तीन प्रती' म्हटलं की लोक एक भरतात, सही करतात आणि स्टेशनजवळच्या दुकानातून दोन झेरॉक्स मारून आणतात. रंगीत झेरॉक्स असेल तर पटकन कळत नाही. ओळखायचं असं: तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरा. कुणाचीही सही तीनदा अगदी हुबेहूब येत नाही. तंतोतंत बसली तर ती एकच सही आहे. आणि कागदाच्या मागून बोट फिरवा, बॉलपेनचा दाब लागतो, झेरॉक्सचा लागत नाही.

इथे 'तीन प्रती' हा शब्दच फसवा आहे. आता मी लिहिते, "तीन फॉर्म आहेत. तिन्हींवर बॉलपेनने वेगवेगळी सही." बॉलपेन हाही शब्द मुद्दाम घालते. जूनमध्ये फॉर्म वाटले तर दप्तरातून, छत्रीखालून, ओल्या जिन्यावरून ते परत येतात. शाईच्या पेनाने केलेल्या दोन सह्या मी निळ्या डागांच्या रूपात पाहिल्या आहेत.

साक्षीदारांबद्दल थोडक्यात. साक्षीदार शेजाऱ्याने आपलं नाव चुकून नॉमिनीच्या रकान्यात लिहिलं, असं दोनदा झालं. ऐका, ३०४ नंबरच्या घराचे नॉमिनी आठवडाभर ३०३ चे काका होते. फॉर्म सभासदाने पूर्ण भरल्यावरच साक्षीदारापुढे ठेवायचा, एवढं चिठ्ठीत लिहिलं की हे थांबतं. नॉमिनीलाच साक्षीदार करू नका असं आम्ही सांगतो. उद्या वाद नको म्हणून. साक्षीदार सोसायटीतलेच हवेत अशी अट नमुन्यात नाही.

बिघाड तिसरा: 'लवकरात लवकर'

या शब्दांना तारीख नाही, म्हणून ते फॉर्म फ्रिजवर जातात. पण तारीख घालूनही मी आधी दोन चुका केल्या होत्या.

पहिली चूक खोट्या घाईची. "उद्या संध्याकाळपर्यंत" असं मी एकदा लिहिलं. चार लोकांनी धावतपळत दिलं आणि पुढच्या आठवड्यात त्यांना कळलं की कपाटात काहीच हललेलं नाही. त्यानंतर माझ्या कुठल्याच तारखेवर त्यांचा विश्वास राहिला नाही. दुसरी चूक मीटिंगचाच दिवस शेवटचा देण्याची. फॉर्म मीटिंगच्या दिवशी आले, त्यात चुका निघाल्या, दुरुस्त करायला वेळच नव्हता.

खरी तारीख मनाने ठरवायची नसते, ती कामाच्या ओघातून येते. उपविधींप्रमाणे फॉर्म आल्यावर तो कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठेवून इतिवृत्तात घ्यायचा आणि त्या मीटिंगपासून ७ दिवसांच्या आत सेक्रेटरीने रजिस्टरमध्ये नोंद करायची. आमची कमिटी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसते. समजा मीटिंग १४ जूनला आहे. चूक निघाली तर घरी जाऊन दुरुस्त करून आणायला लोकांना आठवडा लागतो, त्यात शनिवार-रविवार एकदा तरी यावा लागतो, कारण बाकीचे दिवस सगळे सव्वासातची लोकल पकडतात. म्हणून शेवटची तारीख शनिवार ६ जून, रात्री ९ वाजेपर्यंत. नोंद २१ जूनपर्यंत. प्रत न्यायला २२ ते २८ जून.

आणि ही तारीख चुकली तर काय, तेही लिहायचं. काही बिघडत नाही, फॉर्म १२ जुलैच्या मीटिंगला जाईल. हे लिहिलं तर लोक आणखी ढिले पडतील अशी भीती खजिनदार काकांना होती. झालं उलट. ज्यांची तारीख चुकायची ते आधी तोंड चुकवायचे, लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालायचे. आता ते सरळ सांगतात, "आमचं जुलैत घ्या."

बिघाड चौथा, आणि खरा: पुढे काय होणार ते माहीत नाही

न आलेल्या पाच फॉर्मांपैकी एक २०३ मधल्या काकूंचा होता. एकट्या राहतात, दोन मुलं, एक ठाण्याला, एक बंगलोरला. मी तीनदा आठवण केली, तीनदा त्या म्हणाल्या, "हो गं, देते." चौथ्यांदा घरात बसवून चहा दिला तेव्हा फॉर्म देवघरातल्या फळीवर, निरांजनाखाली दिसला. सगळा भरलेला. फक्त सही नव्हती.

"सही केली की घर धाकट्याच्या नावावर होतं ना?" त्यांनी हळूच विचारलं. "मग मोठा काय म्हणेल?"

दोन महिने त्या हे विचारत होत्या, फक्त मला नाही. माझ्या निरोपात सही मागितली होती. त्या सहीने काय होणार आणि काय होणार नाही, याचा एक शब्द नव्हता. कागदावर सही मागणारा जेवढं सांगत नाही, तेवढं समोरचा स्वतःच भरून काढतो, आणि घराच्या बाबतीत माणसं ते भीतीनेच भरतात.

मी त्यांना सांगितलं ते असं. तुमच्या हयातीत या सहीने काहीच बदलत नाही, घर तुमचंच. हे मृत्युपत्र नाही. तुमच्यामागे सोसायटीने कुणाशी बोलायचं, हे यातून ठरतं; घर कायमचं कुणाचं, ते वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरतं. दोघा मुलांची नावं हिस्सा लिहून घालता येतात. आणि मन बदललं तर फॉर्म बदलता येतो. पहिल्या नॉमिनेशनला पैसे नाहीत, नंतरच्या प्रत्येक बदलाला १०० रुपये.

त्यांनी फॉर्म पुन्हा भरला, दोघांची नावं, पन्नास-पन्नास टक्के. जुना संच त्यांनी माझ्यासमोर फाडला. नंतर कळलं की न दिलेल्या उरलेल्या चौघांपैकी दोघांचं कारणही हेच होतं, एकाला तर वाटत होतं की सोसायटी यासाठी मोठी फी लावणार.

म्हणून 'पुढे काय होणार' हा भाग माझ्या चिठ्ठीत आता सगळ्यात लांब आहे. आधी तो नव्हताच.

आता जाते ती चिठ्ठी

ही व्हॉट्सॲपवर टाकतेच, पण तिन्ही फॉर्मांच्या वर छापून स्टेपलही करते. ग्रुपवरचा निरोप दोन दिवसांत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो आणि फॉर्म मात्र घरात राहतो. चिठ्ठी कागदासोबतच फिरायला हवी. आमच्याकडे चार घरं गुजराती आहेत, त्यांना खजिनदार काका गुजरातीत लिहून देतात.

> फ्लॅट क्र. ____ : नॉमिनेशन फॉर्म, एकूण ३
>
> कुठे सही: तिन्ही फॉर्मांवर पेन्सिलची फुली आहे तिथे. बॉलपेनने, प्रत्येकावर वेगळी. शेजारी सही केली त्या दिवसाची तारीख घाला. फॉर्म पूर्ण भरल्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या, नाव आणि पत्त्यासकट. नॉमिनी साक्षीदार नको.
>
> कुठे नाही: पिवळ्या पट्टीखाली. ती प्रत मिळाल्याची सही आहे, प्रत घेताना करायची.
>
> कधीपर्यंत: शनिवार ६ जून, रात्री ९. ऑफिसमध्ये किंवा सेक्रेटरीच्या घरी, हातात द्या. वॉचमनकडे ठेवू नका.
>
> पुढे काय: आम्ही ७ तारखेला तपासू, काही राहिलं असेल तर त्याच दिवशी फोन करू. १४ जूनच्या मीटिंगमध्ये फॉर्म ठेवला जाईल. २१ जूनपर्यंत रजिस्टरमध्ये नोंद होईल. २२ ते २८ जून संध्याकाळी ७ ते ८ ऑफिसमधून तुमची प्रत घ्या.
>
> तारीख चुकली तर: १२ जुलैच्या मीटिंगला घेऊ. दंड नाही.
>
> या सहीने घर कुणाच्याही नावावर होत नाही. हे मृत्युपत्र नाही. पुढे बदलता येतं. पहिल्या वेळी फी नाही, नंतरच्या बदलाला १०० रुपये.
>
> शंका असेल तर सही करण्याआधी विचारा.

वॉचमनची ओळ अनुभवातून आली. त्याच्या टेबलावरून दोन फॉर्म कुठल्याशा कुरियरच्या पाकिटात गेले आणि परत मिळाले नाहीत. त्यात त्या बिचाऱ्याची चूक काहीच नव्हती.

'७ तारखेला तपासू' असं लिहिलं की तपासावं लागतं, हेही लक्षात ठेवा. पहिल्या वेळी मी ७ ऐवजी १० ला बसले आणि तीन घरांना दुरुस्तीला वेळ मिळाला नाही. त्यांना मीच जाऊन सांगितलं की उशीर माझा आहे. तपासताना क्रम ठेवा: आधी फॉर्म तीनच आहेत का, मग तिन्हींवर सही आणि तारीख, मग साक्षीदार दोन आणि पत्ते, शेवटी टक्क्यांची बेरीज १०० होते का. आमच्याकडे एकदा तिघा मुलांना तेहतीस-तेहतीस टक्के दिले होते आणि उरलेला एक टक्का सोसायटीला राहिला होता.

सभासद मुंबईत नसेल तर

४०२ चे मालक मस्कतला असतात, फ्लॅट भाड्याने आहे. त्यांना आधी मी नुसती पीडीएफ पाठवली होती, त्यांनी एका पानावर सही करून फोटो पाठवला. फोटोवर नोंद करता येत नाही, मूळ कागद लागतात, हे मी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. मग कुरियर आलं, त्यात दुसऱ्या साक्षीदाराचा पत्ता नाही. पुन्हा कुरियर.

आता अशा सभासदांसाठी चिठ्ठीत एक ओळ वाढवते: "कुरियर करण्याआधी तिन्ही फॉर्मांचे, दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. मी 'पाठवा' म्हटल्यावर पाठवा." दोन मिनिटांचं काम आहे आणि एक फेरी वाचते. प्रत त्यांना कशी मिळणार हेही आधीच ठरवायचं. पोचपावतीची सही तर ते येतील तेव्हाच होईल, त्यामुळे तो फॉर्म मी वेगळ्या फोल्डरमध्ये, पिवळी पट्टी तशीच ठेवून ठेवते.

या वेळी त्यांचे फोटो ४ जूनला आले, कागद ९ ला पोचले. ६ तारीख हुकली होती. एरवी त्यांचा रोज रात्री मेसेज असायचा, झालं का, झालं का. या वेळी एकही नाही आला. मीच कळवलं तेव्हा उत्तर आलं, "हो, १२ जुलैला ना? गणपतीत येतोय, तेव्हा खालची सही करतो."